सत्तेचाळीस लाल खुणा आणि दहा चिठ्ठ्या: सोलापुरातल्या एका वर्गाचा हिशेब

सोलापुरातलं एक पदवी महाविद्यालय, दुसऱ्या वर्षाचे ४०० विद्यार्थी आणि पर्यावरणशास्त्राचा सक्तीचा प्रकल्प-अहवाल. विषय ओळखीचेच: सिद्धेश्वर तलावाचं पाणी, कंबर तलावातली जलपर्णी, नान्नजचं माळढोक अभयारण्य. अहवाल इंग्रजीत लिहायचा. प्राचार्यांचा प्रश्न सरळ आहे: यातल्या किती जणांनी चॅटजीपीटीकडून लिहून घेतलं? महाविद्यालय कल्पित आहे आणि खालचे वर्गातले आकडे पद्धत दाखवण्यापुरते धरले आहेत. ते सोलापूरची आकडेवारी म्हणून कुणी पुढे पाठवू नयेत. बाहेरच्या अभ्यासांचे आकडे येतात तिथे तसं सांगितलं आहे.

पहिला उपाय सगळीकडे होतो तोच झाला. अहवाल एआयचा मजकूर ओळखणाऱ्या डिटेक्टरमधून काढले. पण ४०० पैकी १४० अहवाल फुलस्केपवर हाताने लिहिलेले होते, ते तपासता येईनात. उरलेल्या २६० टंकलिखित अहवालांपैकी ४७ वर लाल खूण आली, म्हणजे १८ टक्के. शिक्षकांच्या खोलीत लगेच "अठरा टक्के मुलं एआय वापरतात" असं वाक्य फिरू लागलं.

या वाक्यात दोन चुका आहेत. हाताने लिहिलेला अहवाल म्हणजे स्वतःचा अहवाल, असं त्यात गृहीत धरलंय. मोबाइल मांडीवर ठेवून उत्तर फुलस्केपवर उतरवून काढणं हा तर आता गृहपाठाचा नेहमीचा प्रकार झाला आहे. दुसरी चूक मोठी आहे. लाल खूण म्हणजे वापर नव्हे. यंत्र काही खऱ्या वापरावर खूण करतं आणि काही सोडून देतं. निर्दोष लेखनापैकीही काहींवर ते खूण करतं. १८ टक्क्यांत या तिन्ही गोष्टी मिसळलेल्या असतात.

त्या वेगळ्या करायचं सूत्र साथरोगशास्त्रात जुनं आहे. रोगन आणि ग्लॅडेन यांनी ते १९७८ मध्ये चाचणीच्या निकालावरून रोगाचं खरं प्रमाण काढण्यासाठी मांडलं. खुणांच्या प्रमाणातून खोट्या खुणांचा दर वजा करायचा आणि आलेल्या संख्येला (पकडण्याचा दर वजा खोट्या खुणांचा दर) याने भागायचं. आता हे दोन दर कुठून आणायचे? ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर आणला तेव्हा स्वतःच्याच चाचणीतले आकडे दिले होते: यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्के पकडला जातो आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्क्यांवर चुकीची खूण पडते. जुलै २०२३ मध्ये अचूकता कमी असल्याचं सांगून कंपनीने तो बंद केला. हे दर आपल्या १८ टक्क्यांना लावले तर (१८ − ९) ला (२६ − ९) ने भागून ५३ टक्के येतात. डिटेक्टर चांगला आहे, ८० टक्के पकडतो, पण खोट्या खुणा ९ टक्केच आहेत असं धरलं तर उत्तर १३ टक्के. खोट्या खुणा १ टक्का आणि पकड २६ टक्के धरली तर ६८. खोट्या खुणा १५ टक्के आणि पकड ६० टक्के धरली तर ७. खुणा तेवढ्याच ४७, उत्तरं मात्र ७ पासून ६८ पर्यंत. दर माहीत नसतील तर त्या खुणांवरून प्रमाणाबद्दल काहीच सांगता येत नाही.

विक्रेत्याने सांगितलेला दर वापरून सुटका होत नाही, आणि त्याचं कारण सोलापूरच्या वर्गात बसलेलंच असतं. बरेचसे डिटेक्टर पुढचा शब्द किती सहज ओळखता येतो हे मोजतात. साधे शब्द, एकसारखी वाक्यं आणि पाठ केलेले वाक्प्रयोग असले की मजकूर त्यांना यंत्राचा वाटतो. शहराच्या पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या घरातली, अक्कलकोटकडची कन्नड बोलणारी, उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेली मुलं इंग्रजी दुसरी-तिसरी भाषा म्हणून लिहितात, आणि ती नेमकी अशीच लिहितात. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी सात डिटेक्टर ९१ टोफेल निबंधांवर चालवले. हे निबंध इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले होते. त्यांवर सरासरी ६१ टक्के चुकीच्या खुणा पडल्या, तर अमेरिकी शाळकरी मुलांच्या निबंधांवर फारच कमी पडल्या. म्हणजे खोट्या खुणांचा दर वर्गावर अवलंबून असतो. आपल्या वर्गाचा दर काढायचा तर आपल्याच मुलांनी पर्यवेक्षणाखाली, मोबाइल बाहेर ठेवून लिहिलेले शे-दोनशे निबंध लागतील. पकडीचा दर काढायला त्याच विषयांवर यंत्राने लिहिलेले आणि मुलांनी वरवर बदललेले अहवालही हवेत. इतकी मेहनत घ्यायचीच असेल तर ती सरळ मुलांना विचारण्यात घालवलेली बरी.

मग व्हॉट्सअॅप गटात गुगल फॉर्म टाकला गेला. "तुम्ही एआय वापरून अहवाल लिहिला का?" ४०० पैकी १३८ जणांनी भरला, त्यातल्या १७ जणांनी "हो" म्हटलं. १२ टक्के. गंमत अशी की हा आकडा १८ च्या जवळ आल्यामुळे डिटेक्टर बरोबर आहे असं काही जणांना वाटलं. पण फॉर्ममध्ये "एकच उत्तर" ही मर्यादा घातली होती, आणि ती घातली की गुगल खात्यात साइन-इन करावं लागतं. फॉर्म तयार करणाऱ्याला ईमेल दिसत नसला, तरी स्वतःच्या फोटोसह खातं पडद्यावर दिसल्यावर त्याला निनावी कोण म्हणेल? शिवाय न भरलेले २६२ जण आहेत. त्यांपैकी कुणीच वापरलं नाही असं धरलं तर वर्गाचं प्रमाण ४ टक्के, सगळ्यांनी वापरलं असं धरलं तर ७०. ही पट्टी डिटेक्टरच्या पट्टीइतकीच रुंद झाली.

प्रश्नाची भाषा त्याहून अडचणीची. "वापरून लिहिला" म्हणजे काय? शब्दाचा अर्थ विचारला तर वापर झाला का? मराठीत लिहिलेला परिच्छेद इंग्रजीत करून घेतला तर? ब्रिटनमध्ये उच्च शिक्षणाच्या धोरणावर काम करणाऱ्या हेपी या संस्थेच्या २०२५ च्या सर्वेक्षणात ९२ टक्के विद्यार्थ्यांनी कुठल्या ना कुठल्या कामासाठी एआय वापरत असल्याचं सांगितलं, पण एआयने दिलेला मजकूर थेट आपल्या मूल्यांकनाच्या लेखनात घातल्याचं सांगणारे १८ टक्केच होते. प्रश्न कुठला यावर उत्तर पाचपट बदलतं. सोलापुरात तिसराही एक प्रकार आहे. कॉलेजजवळच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात विषय सांगायचा आणि संध्याकाळी बांधलेला "प्रोजेक्ट" घेऊन जायचा. दुकानदार तो कुठून आणतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण विद्यार्थी प्रामाणिकपणे "मी वापरलं नाही" म्हणू शकतो.

म्हणून प्रश्न दोन केले. पहिला निरुपद्रवी, तो सरळच विचारला: "या सत्रात अभ्यासासाठी चॅटजीपीटी, जेमिनी किंवा व्हॉट्सअॅपमधलं मेटा एआय एकदा तरी वापरलंत का?" याला लपवालपवी करावी असं कुणाला वाटत नाही. दुसरं विधान नेमकं केलं: "माझ्या पर्यावरणाच्या अहवालात किमान एक पूर्ण परिच्छेद असा आहे की जो मी, मित्राने किंवा दुकानदाराने अशा ठिकाणाहून घेतला आणि फारसा न बदलता तसाच ठेवला." यावर खरं बोलण्यात मुलांना धोका वाटतो, म्हणून इथे चिठ्ठीची पद्धत लावली.

कल्पना जुनीच आहे. नाजूक प्रश्नाच्या उत्तरात मुद्दाम नशिबाची भेसळ करायची, म्हणजे एकट्याचं उत्तर कुणाला वाचता येत नाही पण समूहाचं प्रमाण काढता येतं, हे स्टॅनली वॉर्नर यांनी १९६५ मध्ये मांडलं. पुढे "चिठ्ठीवर ८ किंवा ९ आला तर खरं काहीही असो, हो लिहा" अशी रूपं आली. त्यांत एक मानवी अडचण आहे. ज्याने काहीच केलेलं नाही त्याला स्वतःच्या हाताने "हो" लिहायचं जिवावर येतं. तो "नाही" लिहितो आणि हिशेब खाली घसरतो. २००८ मधली यू, तियान आणि तांग यांची क्रॉसवाइज पद्धत ही अडचण टाळते, कारण तिथे "हो" किंवा "नाही" लिहायचंच नसतं. दोन विधानांची मनातली उत्तरं सारखी आहेत की वेगळी, एवढंच सांगायचं.

एक विधान नाजूक, दुसरं निरुपद्रवी पण ज्याची शक्यता आपल्याला अचूक माहीत आहे असं. बाहेरच्या अभ्यासांत हे दुसरं विधान बहुधा आईच्या वाढदिवसाचं असतं: "माझ्या आईचा जन्म जानेवारी किंवा फेब्रुवारीत झाला." महाराष्ट्रात हे चालणार नाही. मागच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून लिहून टाकलेल्यांची संख्या इतकी आहे की महिन्यांचं वाटप सारखं राहत नाही, आणि अनेकांना आईचा खरा महिना माहीतही नसतो. नोटेच्या क्रमांकाचा शेवटचा अंक घ्यावा तर यूपीआयच्या दिवसांत निम्म्या मुलांच्या खिशात नोट नसते. आधारचा अंक मागितला की वर्ग गप्प होतो. शेवटी पिशवीतल्या चिठ्ठ्याच बऱ्या. १ ते १० आकड्यांच्या दहा चिठ्ठ्या, एकाच कागदाच्या, एकाच मापाच्या, सारख्या घडीच्या. एक काढायची, आकडा मनात ठेवायचा, तशीच घडी घालून परत टाकायची आणि पिशवी हलवायची. साठ जणांच्या तुकडीला सहा पिशव्या असल्या तर दहा-पंधरा मिनिटांत फेरी होते. चिठ्ठ्या तुकडीगणिक बदलायच्या. चुरगळलेली चिठ्ठी मागच्या बाकावरच्यांच्या लगेच लक्षात येते.

विद्यार्थ्याच्या कागदावर "माझी चिठ्ठी १ किंवा २ आहे" हे एक विधान आणि अहवालाचं वरचं विधान हे दुसरं. दोन्हींची उत्तरं "हो-हो" किंवा "नाही-नाही" असतील तर "सारखी" वर खूण, नाहीतर "वेगळी" वर. आधी सराव घ्यावा लागतो, नाहीतर अर्धा वर्ग चिठ्ठीचा आकडाच लिहून देतो. सरावाला "आज सकाळी मी चहा प्यायलो" पुरेसं आहे. सूचना मराठीत आणि हिंदीत मोठ्याने वाचायच्या. विषयाच्या शिक्षकांनी वर्गात थांबायचं नाही. कागद पेटीत टाकायचे, रोल नंबरच्या क्रमाने गोळा करायचे नाहीत. आणि "सर, नाव टाकायचं का?" हा प्रश्न कुणीतरी विचारतोच, त्याचं उत्तर फळ्यावर आधीच लिहून ठेवायचं.

आणखी एक विधान लागतं, त्याला अँकर म्हणू. त्याचं खरं उत्तर प्रत्येकासाठी "नाही" आहे हे आपल्याला कागदोपत्री माहीत हवं. इथे घेतलं: "मी हाच अहवाल दोनदा सादर करून दोनदा गुण घेतले." गुणपत्रकात असं एकही नाव नाही. हे विधान न वाचता खुणा करणाऱ्यांचं प्रमाण दाखवतं. ते गाळून चालत नाही, कारण डोळे झाकून खूण करणारा उत्तराला ५० टक्क्यांकडे ओढतो. खरं प्रमाण कमी असेल तर ते वाढलेलं दिसतं. क्रॉसवाइज पद्धत अशा रीतीने निर्दोषांनाही दोषी दाखवते, हे होगलिंगर आणि यान यांनी २०१८ मध्ये दाखवून दिलं. त्याआधी, आकडा जास्त आला म्हणजे लोक जास्त खरं बोलले, असं सर्रास समजलं जाई.

इथे एक सापळा आहे. वेळ वाचवायला दोन्ही नाजूक विधानांसाठी एकच चिठ्ठी वापरण्याचा मोह होतो. तसं केलं तर निनावीपणाच संपतो. अँकरचं खरं उत्तर "नाही" हे सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा तिथे "सारखी" म्हणजे चिठ्ठी १-२ नव्हती आणि "वेगळी" म्हणजे १-२ होती. चिठ्ठी कळली की त्याच कागदावरचं अहवालाचं उत्तरही उघडं पडतं. वर्गातल्या चलाख मुलीला हे पाच मिनिटांत सुचेल आणि दुपारपर्यंत सगळ्या तुकड्यांना कळेल. म्हणून प्रत्येक विधानासाठी नवी चिठ्ठी काढायची.

दिवस अंतर्गत परीक्षेचा निवडला, कारण एरवी बाकं रिकामी असतात. ३५२ जण हजर होते, ८ कागद कोरे आले, ३४४ उरले. सरळ प्रश्नाला २८९ "हो", म्हणजे ८४ टक्के. अहवालाच्या विधानाला २०१ जणांनी "सारखी" म्हटलं, अँकरला २६० जणांनी.

आता हिशेब. अहवालात कुणीच परिच्छेद उचलला नसता, तर चिठ्ठी १-२ नसलेले ८० टक्के, म्हणजे २७५ जण, "सारखी" म्हणाले असते. सगळ्यांनी उचलला असता तर फक्त २० टक्के, म्हणजे ६९. या दोन टोकांत २०६ चं अंतर आहे. २०१ हा आकडा २७५ पासून ७४ ने खाली आहे. ७४ भागिले २०६ म्हणजे ३६ टक्के.

हा कच्चा आकडा. अँकरला २७५ यायला हवे होते, आले २६०. सगळ्यांनीच डोळे झाकून खुणा केल्या असत्या तर १७२ आले असते. २७५ ते १७२ या १०३ च्या अंतरात १५ ची घसरण, म्हणजे सुमारे १५ टक्के मुलांनी वाचलंच नाही असं धरायचं. त्यांचा वाटा काढला की प्रमाण ३४ च्या आसपास उतरतं. नेमका हिशेब असा:

```
s = 201/344      # अहवालाचं विधान, "सारखी"
a = 260/344      # अँकर, "सारखी"
e = (0.8 - a) / 0.3      # न वाचणाऱ्यांचं प्रमाण
p = (0.8 - (s - 0.5*e)/(1 - e)) / 0.6      # परिच्छेद उचलणाऱ्यांचं दुरुस्त प्रमाण
# e = 0.147, p = 0.335
```

दुरुस्ती दोनच टक्क्यांची झाली म्हणून अँकर फुकट गेला असं नाही. खरं प्रमाण ५ टक्के असतं तर न वाचणाऱ्या याच १५ टक्के मुलांनी ते १२ च्या आसपास दाखवलं असतं.

या सगळ्याची किंमत अनिश्चिततेत मोजावी लागते. उत्तरात नशीब मिसळलं की अंदाज सैल होतो. इथे ३४ च्या दोन्ही बाजूंना साधारण ११, म्हणजे २३ ते ४४ टक्के. सरळ विचारून सगळे खरं बोलले असते तर हीच पट्टी दोन्ही बाजूंना ५ ची राहिली असती. "१ किंवा २" ऐवजी "१, २ किंवा ३" घेतलं असतं तर मुलांचं संरक्षण वाढलं असतं, पण ११ चे १६-१७ झाले असते. उलट, सध्याच्या मांडणीत "वेगळी" म्हणणाऱ्या तिघांपैकी साधारण दोघांनी परिच्छेद उचललेला असतो. ही माहिती एका मुलावर कारवाई करायला पुरत नाही, पण संशय घ्यायला पुरते. म्हणून कागदांवर नाव नाही, एवढ्यावर थांबून चालत नाही. हस्ताक्षरही येऊ द्यायचं नाही, नुसत्या खुणा. तुकडीनिहाय, लिंगनिहाय तुकडे पाडायचे नाहीत. बाराजणांच्या गटात तर आकड्याला अर्थही उरत नाही.

गैरहजर ४८ आणि कोरे ८ यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. ३४४ पैकी ३४ टक्के म्हणजे सुमारे ११७ जण. उरलेल्या ५६ पैकी कुणीच नाही धरलं तर ४०० चं प्रमाण २९ टक्के, सगळेच धरले तर ४३. ही पट्टी वरच्या ११ पेक्षा वेगळ्या कारणाची आहे. दोन्ही एकत्र करून एकच गुळगुळीत आकडा करू नये. परीक्षेलाही न आलेली मुलं दुकानातून अहवाल घेणारी असण्याचा संभव जास्त, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण तो तर्क आहे. तो हिशेबात शिरू द्यायचा नाही.

प्राचार्यांना दिलेल्या कागदावर म्हणून तीन ओळी गेल्या. कुठल्या ना कुठल्या कामासाठी वापरणारे, स्वतःच सांगितलेलं: ८४ टक्के. अहवालात किमान एक परिच्छेद तसाच ठेवणारे: सुमारे ३४ टक्के, पट्टी २३ ते ४४, हजर असलेल्यांपुरती. डिटेक्टरच्या ४७ खुणा: यादीत घेतल्या नाहीत.

त्या ४७ नावांचं काय करायचं, हा प्रश्न लगेच आला. हा अंदाज त्याला उत्तर देत नाही. वर्गात एक तृतीयांश मुलांनी परिच्छेद उचलला असेल, याचा अर्थ त्या ४७ जणांत ते आहेत असा निघत नाही. ज्याच्यावर संशय आहे त्याला बोलावून नान्नजला माळढोक कुठल्या प्रकारच्या जमिनीवर राहतो एवढं विचारलं तरी डिटेक्टरपेक्षा जास्त कळेल.

पुढच्या सत्रात हेच पुन्हा करायचं ठरलं आहे. अहवाल मराठीत लिहायची मुभा दिली तर फरक पडतो का, हे पाहायचं आहे. इतक्याच मुलांवर, याच चिठ्ठ्यांनी मोजलं तर दोन सत्रांतल्या आकड्यांत साधारण १५ टक्क्यांहून मोठा फरक पडला तरच तो खरा मानता येईल. ३४ चे २८ झाले तर काही घडलं असं म्हणता येणार नाही. ३४ चे १५ झाले तर म्हणता येईल.